बाबा खोटं बोलत नाहीत

> बाबा ७४ वर्षांचे. टीव्ही मोठ्याने लावतात, पण म्हणतात, "मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता." काय करावं?

त्यांच्या बाजूने ते खरंच बोलताहेत. वयामुळे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आ, ओ असे स्वर खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येतात; स, श, फ, थ यांची धार मात्र जाते. त्यामुळे आवाज पोचतो, शब्द निसटतो. 'साठ'चं 'आठ' होतं. शेजारच्या काकांचं बोलणं कळतं, नातीचं नाही. पंखा किंवा मिक्सर चालू असला की तेही अवघड. हे इतकं हळूहळू होतं की तुलनेला जुनं काही आठवत नाही. मग दोष बोलणाऱ्याचाच वाटणार!

ओरडू नका. ओरडल्याने स्वरच वाढतात, वर कानाला त्रास होतो. समोर येऊन, जरा सावकाश बोला.

"बहिरे झालात" म्हणून वाद घालण्यापेक्षा, मळ साठलाय का बघू, असं सांगून कान-नाक-घसा डॉक्टरांकडे न्या. मळ खरोखर निघूही शकतो. नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. आलेखाची रेघ उजवीकडे, म्हणजे उंच पट्टीकडे, खाली घसरलेली दिसेल. ती बाबांना डॉक्टरांनीच दाखवलेली बरी. मुलांचं कोण ऐकतं? ऐकणं एकाच कानाचं किंवा अचानक कमी झालं असेल तर मात्र लगेच जा.