प्रतिसाद: आधी उधारी बघा

>> नफा दरवर्षी वाढतोय, ऑडिटरची सही आहे, मग अहवालात आणखी बघायचं काय?

उधारी. आमचं हार्डवेअरचं दुकान. बाबांच्या शेअर्समुळे घरी आलेला एका कंपनीचा वार्षिक अहवाल मी पहिल्यांदाच उघडला. अध्यक्षांच्या फोटोंची पानं उलटून थेट 'ट्रेड रिसीव्हेबल्स' गाठलं, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं. विक्री 400 कोटींवरून 500 वर गेलेली, येणं मात्र 80 वरून 190 वर! म्हणजे आधी साधारण 73 दिवसांत सुटणारे पैसे आता 139 दिवस अडकलेले. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "अगं, हा माल विकलेला नाही, नुसता वाटलाय."

मग कॅश फ्लो बघितला. नफा 40 कोटी, पण धंद्यातून आलेली रोकड उणे 22. सरकारी कंत्राटं घेणाऱ्यांची बिलं रखडतात, तिथे हे एक वेळ चालतं. ही कंपनी तर पाइप विकणारी. शेवटी 'रिलेटेड पार्टी'च्या टिपेत उलगडा झाला: वाढीव विक्रीतला मोठा हिस्सा प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीला. 2021-22 पासून येणं किती जुनं आहे त्याचा तक्ताही टिपांमध्ये द्यावा लागतो. त्यात सहा महिन्यांपुढचे रकाने फुगलेत का, तेवढं बघा.