ग्रीन स्क्रीन: उजेड एकसारखा नाही, केसांच्या कडा तुटताहेत. कसं सावरू?

किनारा_रत्नागिरी: होमस्टेच्या जाहिरातीचं शूट आहे, 42 सेकंदांचा एकच शॉट. मोबाइलवर 4K मध्ये घेतलाय. निवेदिकेने हळदी रंगाची साडी नेसलीय, केस मोकळे आणि तेल लावलेले, वर अबोलीचा गजरा. मागे हिरवं कापड. खिडकी डावीकडे होती, त्यामुळे कापड डावीकडे उजळ आणि उजवीकडे जवळजवळ शेवाळी दिसतं. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतो. डावीकडे नमुना घेतला की उजवीकडे डाग राहतात, उजवीकडे घेतला की डावीकडचे केस खाल्ले जातात. बजेट जास्तीत जास्त 1500. परत शूट शक्य नाही, ताई मुंबईला गेल्या.

मालवणी_लेन्स: मेल्या, परत शूट कर. दुसरो उपाय नाय.

किनारा_रत्नागिरी: दादा, वर लिहिलंय, शक्य नाही.

पिक्सेलभाऊ: मोबाइलने ग्रीन स्क्रीन करायचीच नाही. 10 बिट 4:2:2 देणारा कॅमेरा घ्या, लाखाच्या आसपास मिळतो. मी घेतला तेव्हापासून केसांचा प्रश्नच मिटला.

गुहागरकर: बजेट 1500 लिहिलंय हो.

नोडवाली: मुद्द्याचं बोलूया. एका रंगाचा नमुना घेऊन हे सुटणार नाही, कारण तुमच्या कापडाला एक रंगच नाही. की करणाऱ्या नोडला प्रत्येक ठिकाणी तिथला तिथला हिरवा सांगावा लागतो. Fusion पानावर Clean Plate नावाचा नोड त्यासाठीच आहे आणि तो फुकट आवृत्तीतही मिळतो.

क्लिप त्याला जोडा. नमुना एका ठिपक्याचा घेऊ नका, उजळ भागापासून शेवाळी भागापर्यंत ओढत न्या. चित्रात माणूस काळा आणि कापड हिरवं असं उरेल. केसांच्या बटा कापडात चिकटलेल्या दिसल्या तर Erode थोडा वाढवा, काळा भाग पसरून बटा त्यात जातील. मग Grow Edges वाढवा आणि शेवटी Fill ला टिक करा. हाती येईल ते माणूस नसलेलं कापड, डावीकडे उजळ, उजवीकडे गडद, मुळात होतं तसंच. हे चित्र Delta Keyer च्या Clean Plate इनपुटला द्या आणि मूळ क्लिप त्याच्या मुख्य इनपुटला. ही प्लेट क्लिपच्या चौकटींवरूनच बनत जाते, म्हणून मध्येच ढग आला असेल तरी चालतं.

पिक्सेलभाऊ: एवढं कशाला? Matte मध्ये Threshold च्या दोन्ही टोकांना ओढलं की काळं काळं होतं, पांढरं पांढरं होतं. संपलं.

नोडवाली: शरीरासाठी बरोबर, केसांसाठी घात. एक बट म्हणजे मॅटमधला करडा भाग. ती करडी छटा काळ्यात किंवा पांढऱ्यात ढकलली की केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात. म्हणून दोन कीअर लावा. पहिल्यात Threshold बिनधास्त आवळा, मग मॅट इतका आत ओढा की फक्त चेहरा, धड आणि डोक्याचा घट्ट भाग पांढरा राहील. हा मॅट दुसऱ्या कीअरच्या Solid Matte ला द्या. दुसऱ्यात Threshold ला जेमतेम हात लावायचा, त्याचं काम फक्त कडांचं. कापडावर दूरवर राहिलेली घाण Garbage Matte ने काढा. केसांपासून वीतभर जागा सोडूनच आखा.

आणि गजऱ्यात मरवा ओवलाय का? असेल तर ती पानं आरपार दिसतील.

किनारा_रत्नागिरी: आहे! आत्ता बघितलं, गजऱ्याला भोकं पडलीत. मला वाटलं होतं क्लिपच खराब आहे.

नोडवाली: मग गजऱ्यापुरता छोटा मास्क काढून तोही त्या Solid Matte मध्ये मिळवा. डोकं हलतं तसा ट्रॅक करावा लागेल. गजरा केसांच्या आत असतो, त्यामुळे मास्कची कड कुणाला दिसणार नाही.

गुहागरकर: केसांवरच्या हिरव्या चमकेचं काय? मी तर सरळ हिरव्याचं सॅच्युरेशन शून्य करतो.

नोडवाली: मरवा राखाडी होईल ना. शिवाय गालावरचा हिरवा ‘हिरवा’ म्हणून निवडला जातच नाही, तो त्वचेत मिसळून मळकट पिवळा झालेला असतो. आधी Fringe टॅबमध्ये Spill Method बघा. Medium वर बहुतेकदा भागतं, Burnt पर्यंत गेलात तर त्वचा गुलाबी व्हायला लागते. हाताने करायचं तर Custom Tool मध्ये हिरव्या चॅनेलला एवढं पुरतं:

```
min(g1, (r1+b1)/2)
```

म्हणजे हिरवा कधीही लाल-निळ्याच्या सरासरीपुढे जाणार नाही. तेलकट केसांना आणि गालांना हे छान लागू पडतं. पण तुमची साडी यात फसेल. हळदी रंग साधारण लाल 0.85, हिरवा 0.70, निळा 0.20 धरा. सरासरी 0.525, म्हणजे हिरवा तेवढ्यावर उतरेल आणि साडी भगवी होईल. साडीपुरता मास्क करून तिथे हे वापरा:

```
min(g1, max(r1, b1))
```

इथे मर्यादा 0.85 ची, त्यामुळे 0.70 तसाच राहतो. हेच सगळीकडे लावू नका, गालावरचा हिरवा निघणार नाही. मरव्याच्या मास्कमध्ये दोन्हीपैकी काहीच नको.

मालवणी_लेन्स: निळो पडदो लावलो असतो तर ह्या काय झालाच नसता.

गुहागरकर: मोबाइलच्या सेन्सरमध्ये हिरवे पिक्सेल निळ्याच्या दुप्पट असतात. कमी उजेडात निळा जास्त दाणेदार येतो.

मालवणी_लेन्स: पण साडी पिवळी होती. पिवळ्याक निळोच बरो.

नोडवाली: हे मात्र खरं आहे.

पिक्सेलभाऊ: मागे संध्याकाळचा गडद समुद्र टाका. काळे केस काळोखात मिसळतात, कडा लपतात.

नोडवाली: केस मिसळतील, कड नाही. बटांच्या फटींत उजळ कापडाचा उजेड शिल्लक असतो. हिरवा काढला तरी तो राखाडी उरतो आणि गडद समुद्रावर डोक्याभोवती धुरकट वलय दिसतं, डावीकडे जास्तच. भर दुपारचं पांढरं आकाश घेतलंत तर उलट, काळी रेघ येते. कापडाइतक्या उजेडाची पार्श्वभूमी सगळ्यात कमी चुगली करते. समुद्र टाकाच, होमस्टेची जाहिरात आहे, पण सकाळचा, डावीकडे उजळ असलेला.

गुहागरकर: +1, सकाळचा समुद्र.

मालवणी_लेन्स: समुद्र होयोच. कोकणात लोक कित्याक येतत?

रिया_देवगड: माझ्याकडे हिरव्या पडद्याच्या सुरकुत्या जात नाहीत, दमट हवेत इस्त्री टिकत नाही. काय करू?

गुहागरकर: पाण्याचा फवारा मारून चारी बाजूंनी क्लिपा लावून ताणून वाळवा. आणि माणूस पडद्यापासून सहा-सात फूट पुढे उभा करा, सुरकुत्या धूसर होतात, हिरवा उजेडही अंगावर कमी पडतो. खोली लहान असेल तर अवघड आहे.

किनारा_रत्नागिरी: काल रात्री केलं. Clean Plate आणि दोन कीअरने उजव्या बाजूचे डाग गेले. साडीचा मास्क वेगळा केला, रंग टिकला. गजऱ्याचा ट्रॅक दोनदा सुटला, तेवढ्या चौकटी हाताने हलवल्या.

समुद्र नाही टाकला. सकाळचाही बघितला, पण डोक्यामागे आकाश आलं की डावीकडच्या बटा फाटक्या दिसतात. घरामागच्या पोफळीच्या बागेचा फोटो घेऊन धूसर केला आणि तो लावला. मागे हिरवंच असल्यामुळे केसांवर उरलेली हिरवी झाक बागेतूनच आल्यासारखी वाटते.

मालवणी_लेन्स: होमस्टेक समुद्र नाय? गिऱ्हाइक काय म्हणतला?

किनारा_रत्नागिरी: समुद्राचा ड्रोन शॉट सुरुवातीला आहे दादा. एकच अडलंय. 31व्या सेकंदाला त्या हात झटकन वर नेतात, तिथे बोटांच्या धूसर भागात हिरवट पट्टा राहतो. Threshold कमीजास्त करून जात नाही.

नोडवाली: हात हलताना धूसर झालेला भाग अर्धा त्वचेचा, अर्धा कापडाचा असतो. तेवढ्या 8-10 चौकटींना वेगळा कीअर लावून बघा, Solid Matte न जोडता.

पिक्सेलभाऊ: किंवा तिथे कट मारून ड्रोन शॉट टाका.

किनारा_रत्नागिरी: ड्रोनची क्लिप 4 सेकंदांचीच आहे. आधी वेगळा कीअर लावतो.