तळमजल्यावरील खोलीच्या रंगकामाबाबत: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

गुरुवार, सायंकाळी ६:१०. फ्लॅट १०४ (ताई):
सर्वांना नमस्कार. शनिवारी सायंकाळी आमच्या नातवाचे बारसे तळमजल्यावरील खोलीत आहे आणि त्यासाठी आम्ही महिन्यापूर्वीच नोंद केली आहे, हे सचिवांना माहीत आहे. सोमवारी सुरू झालेले रंगकाम बुधवारी पूर्ण होईल असे सांगण्यात आले होते. आज गुरुवार संपत आला, तरी भिंतीवर रंगाचा एकही हात नाही. पेंटर सकाळी ९ वाजता आला, कुठे कुठे लांबी भरली आणि ११ वाजता निघून गेला. मला फक्त एवढेच सांगावे की शनिवारी खोली मिळेल की नाही.

६:१४. फ्लॅट ४०१ (आबा):
पेंटरने तीन दिवस सांगितले होते. माझ्यासमोर सांगितले होते.

६:२१. सचिव:
ताई, आपली अडचण समजते. मी त्याला फोन केला असता त्याने "वाळू द्यावे लागते" असे उत्तर दिले. बाहेर ४३ अंश तापमान असताना काय वाळायचे राहिले आहे, हे मला खरोखर उमगलेले नाही.

६:२६. फ्लॅट २०३ (भाऊ):
वाळण्याचे निमित्त आहे. तो ११ नंतर मागच्या गल्लीतील बंगल्यावर काम करतो, हे मी स्वतः पाहिले आहे. आपण त्याला रोजाने पैसे देतो आणि तो अर्धा दिवस दुसरीकडे राबतो. खजिनदारांनी याचा खुलासा करावा.

६:३०. खजिनदार (फ्लॅट ३०१):
भाऊ, खुलासा मागण्यापूर्वी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले असते तर बरे झाले असते. रोजाने काम देण्याचा आग्रह आपलाच होता. मी ठोक काम देण्याविषयी बोललो होतो.

६:४८. फ्लॅट ३०२ (नाना):
मी बांधकामावर पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पेंटर खोटे बोललेला नाही. त्याने मजुरीचे दिवस सांगितले आणि आपण ते कॅलेंडरचे दिवस समजलो.

आपली खोली १२ बाय १० फूट असून उंची १० फूट आहे. दार-खिडकी वजा जाता भिंती सुमारे ४०० चौरस फूट भरतात आणि छत १२० चौरस फूट. सोमवारी जुन्या डिस्टेंपरचे पोपडे खरवडून लांबीचा पहिला हात देण्यात आठ तास गेले. मंगळवारी दुसऱ्या हाताला तीन तास, बुधवारी पॉलिशपेपरने घासून प्रायमर लावण्यास पाच, आज डागडुजीला दोन, आणि उद्या रंगाच्या दोन हातांना मिळून पाच. ही बेरीज २३ तासांची होते, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तीनच दिवस. परंतु लांबीच्या शेवटच्या हातानंतर रात्र जाऊ द्यावी लागते, प्रायमरनंतर चार ते सहा तास, आणि प्लॅस्टिक पेंटच्या दोन हातांमध्ये किमान चार तास. हे थांबणे मिळवले की तीन दिवसांचे काम पाच दिवसांचे होते.

मोठ्या घरात हे जाणवत नाही, कारण चौथी खोली संपेपर्यंत पहिली वाळलेली असते. एकाच लहान खोलीत मात्र हात देऊन झाला की पेंटरला करण्यासारखे काही उरत नाही. तो मधल्या वेळेत दुसरीकडे जातो यात गैर काही नाही. आपण अशा कामाला रोज ठरवला, ही चूक आपली आहे.

६:५१. आबा:
माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात अख्खा फ्लॅट सहा दिवसांत झाला होता. मग एका खोलीला पाच दिवस कसे? तीन दिवस सांगितले होते.

६:५४. नाना:
आबा, आपल्याच उदाहरणाने माझे म्हणणे सिद्ध होते. अख्ख्या फ्लॅटला सहा आणि एका खोलीला पाच, कारण वाळण्याचा काळ दोन्हीकडे तेवढाच असतो.

६:५९. सचिव:
तरीही उन्हाचा प्रश्न उरतोच. आपल्या गच्चीवर बिबडे एका दिवसात कडक होतात, मग भिंतीला रात्र कशाला?

७:०५. ताई:
सचिवसाहेब, बिबड्यांचे मला विचारा. दुपारी वरून वाळलेला दिसतो, पण उलटून वाकवला तर मधून लवतो. तसाच डब्यात भरला तर आठ दिवसांत बुरशी येते. नाना म्हणतात ते मला पटते, फक्त माझ्या शनिवारचे काय ते सांगा.

७:१७. नाना:
ताईंनी अगदी नेमके सांगितले. रंग अर्ध्या तासात बोटाला लागेनासा होतो, पण ते फक्त वरचे वाळणे असते. तेवढ्यावर दुसरा हात दिला तर रोलर खालचा थर उचलतो. लांबीचेही तसेच आहे: ओली लांबी घासली तर पॉलिशपेपर भरून येतो, वाळली असेल तर कोरडी पांढरी भुकटी पडते. आपल्याकडचे ऊन उलट त्रासाचे ठरते. तापलेल्या कोरड्या भिंतीने पाणी शोषून घेतले तर लांबी पक्की न होता भुगा होऊन हाताला लागते. म्हणून भिंत आधी ओलसर करून घेतात. झळा लागत असताना रंग दिला तर रोलरचे जोड पट्ट्यांसारखे दिसतात.

दुसरे असे की त्या खोलीत रविवारपर्यंत कूलर चालू होता. खिडकीखालच्या पट्ट्यात पाणी मुरले आहे. तिथे तळहाताची मागची बाजू टेकवून पाहा, बाकीच्या भिंतीपेक्षा गार लागते.

७:२२. भाऊ:
कूलर कोणी चालू ठेवला होता, हेही एकदा स्पष्ट व्हावे.

७:२४. खजिनदार:
भाऊ, पत्त्यांचा डाव कोणाचा बसतो ते सर्वांना माहीत आहे.

७:२६. सचिव:
दोघांनाही नम्र विनंती आहे की विषय रंगाचा आहे. नाना, शनिवारी खोली द्यायची की नाही?

७:४०. नाना:
द्यावी. आजच्या डागांवर उद्या सकाळी सातला पॉलिशपेपर आणि प्रायमरचा हलका हात. दहापर्यंत तेवढा भाग आटोपला की बाकी भिंतींपासून रंगाचा पहिला हात सुरू करावा आणि ते डाग शेवटी दोननंतर घ्यावेत. संध्याकाळी सहानंतर दुसरा हात, दिव्याच्या उजेडात. शनिवारी सायंकाळपर्यंत जवळपास चोवीस तास मिळतील आणि खोली वापरण्याजोगी होईल. कूलर लावू नये, पंखा चालू व खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि भिंतीला फुगे किंवा माळा चिकटपट्टीने लावू नयेत. पट्टी काढताना रंग सोलून येईल. रंग पूर्ण पक्का व्हायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत भिंत पुसू नये.

खिडकीखालचा पट्टा मात्र तसाच सोडावा. ओलीवर रंग दिला तर पावसाळ्याआधीच फुगे येतील.

७:४४. आबा:
म्हणजे एक भिंत अर्धवट राहणार. तीन दिवसांत हेही झाले असते.

७:४७. ताई:
आबा, पाळणा त्या पट्ट्यासमोर ठेवू, कोणाला दिसणार नाही. मला हे मान्य आहे.

७:५२. सचिव:
नाना, पट्टा वाळला हे ओळखायचे कसे?

७:५८. नाना:
फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावतो. रात्रभर ठेवून सकाळी आतून दव आले आहे का ते पाहू.

शुक्रवार, सकाळी ६:४०. नाना:
कागदाच्या खालच्या निम्म्या भागात थेंब आहेत, वरचा भाग कोरडा आहे. खिडकीलगतची वरची वीतभर आज रंगवता येईल. खालचे पुढच्या शुक्रवारी पुन्हा कागद लावून पाहू. पेंटर आला आहे आणि पॉलिशपेपरखाली कोरडी भुकटी पडते आहे.

६:४३. खजिनदार:
उरलेल्या पट्ट्याचे काम त्याला ठोक द्यावे, असा ठराव मी मांडतो.

६:४४. भाऊ:
अनुमोदन.