शिट्टीबाभूळ आणि तिच्या मुंग्या

>> "मुंग्यांना घर आणि खाणं मिळतं, पण झाडाला हा सौदा खरंच परवडतो का?"

गुरं-हत्ती असतील तर परवडतो. केनियाच्या लायकिपिया पठारावर वारा लागला की शिट्टी वाजणारी बाभूळ आहे. तिचे काही काटे बुडाशी फुगून पोकळ होतात, त्यात क्रेमॅटोगॅस्टर मिमोसी मुंग्या पिल्लं वाढवतात. पानांच्या देठांवरच्या ग्रंथींतून मध मिळतो. बदल्यात, फांदीला तोंड लावणाऱ्याला त्या कडाडून चावतात.

तिथे 1995 मध्ये काही तुकड्यांना कुंपण घालून मोठे प्राणी बाहेर ठेवले. दहा वर्षांत झाडांनी हात आखडता घेतला: फुगीर काटे कमी, मधही कमी. मग मिमोसी मुंग्या सुस्तावल्या आणि झाडाचा रस पिणारे खवलेकीटक जास्त पाळू लागल्या. म्हणजे पगार कापला तर राखणदारच कोठारात शिरला! शिवाय त्यांची जागा शोस्टेटी नावाच्या दुसऱ्या जातीने बळकावली. ती काट्यांत नव्हे, खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी केलेल्या बिळांत राहते, त्यामुळे भुंगेऱ्यांना अडवत नाही, उलट त्यांचं फावतं. परिणामी, चरणारं कुणी नसूनही कुंपणातली झाडं हळू वाढली आणि जास्त मेली.