९० दिवसांनी पैसे, नुकसानीला मर्यादा नाही: सही करायची का?

चिलरवाला, नाशिक
अंबडच्या एका औषध कंपनीकडून चिलर आणि कोल्ड रूमच्या देखभालीचं वर्षाचं काम मिळतंय. महिना दीड लाख, वर जीएसटी. आम्ही आठ जणांची फर्म. करार बावीस पानी. पैसे ‘बिल स्वीकारल्यापासून ९० दिवसांनी’, आमच्यामुळे होणारं ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सर्व नुकसान’ आमच्या माथी, ते ३० दिवसांच्या नोटिशीवर करार मोडणार आणि आम्हाला मात्र १८० दिवसांची नोटीस. मेव्हणा म्हणतो, मोठी पार्टी आहे, डोळे मिटून सही कर. करू का?

शेड नंबर दोन
करा सही. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे ना? मग कागदावर ९० लिहा नाहीतर ९००, एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांच्या वर चालतच नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२४ पासून आयकरातही बसवलंय. वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही. त्यांचा सीएच धावत पैसे सोडायला लावतो.

कराराचं काम करणारी
दोन नंबर, कायदा तुम्ही बरोबर सांगितलात, पण त्यावर विसंबून सही करा म्हणणं मला पटत नाही. त्या आयकराच्या तरतुदीचा चटका फक्त ३१ मार्चला बसतो. एप्रिलचं बिल त्यांनी डिसेंबरात दिलं तरी वर्ष तेच, त्यामुळे त्यांची वजावट शाबूत. तुमचे आठ महिने मात्र गेले.

चिलरवाले, तुमचा महिन्याचा खर्च, म्हणजे पगार, गॅस, पेट्रोल, १ लाख २० हजार धरते. ३० एप्रिलचं बिल. प्लँटच्या साहेबांनी १० मेला सही केली, तर ९० दिवस भरतात ८ ऑगस्टला. तोवर चार महिन्यांचे ४ लाख ८० हजार खिशातून गेलेले. एप्रिल, मे, जूनच्या बिलांवरचा जीएसटी मिळण्याआधीच भरायचा, तो दरमहा २७ हजार, म्हणजे ८१ हजार. एकूण ५ लाख ६१ हजार अडकल्यावर पहिले १ लाख ७४ हजार येतील, तेही टीडीएस कापून. एवढं भांडवल आहे का?

‘बिल स्वीकारल्यापासून’ हे शब्दही खोडायला सांगा. कायद्यात घड्याळ सेवा दिल्यापासून चालतं. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर सेवा दिली तोच दिवस स्वीकृतीचा. म्हणजे एप्रिलचे पैसे १४ जूनपर्यंत यायला हवेत.

खरेदी खात्यात बावीस वर्षं
समोरच्या बाजूचंही ऐका. तो करार आम्ही लिहीत नाही, हेड ऑफिसचं लीगल लिहितं. एक ओळ बदला म्हटलं की फाईल दोन महिने मुंबईत. तोवर दुसरा व्हेंडर ‘जसा आहे तसा’ सही करून जातो. मूळ कराराला हात लावू नका. पीओच्या, म्हणजे खरेदी ऑर्डरच्या, विशेष अटींत ४५ दिवस लिहून घ्या, तेवढं आम्ही प्लँटवरून करू शकतो. १८० दिवसांचंही कारण आहे. औषधवाल्यांना नवा व्हेंडर घ्यायचा तर ऑडिट, कागदपत्रं, मंजुऱ्या लागतात. तुम्ही महिन्यात निघून गेलात तर कोल्ड रूम कोण सांभाळणार?

कराराचं काम करणारी
पीओचा रस्ता चालतो, पण आधी करारात ‘विसंगती आल्यास हा करार वरचढ’ अशी ओळ आहे का ते बघा. बहुतेकदा शेवटच्या दोन पानांत असते. ती असली तर पीओतले ४५ दिवस शोभेचे.

१८० दिवसांमागचं कारण मला मान्य आहे. पण हे कलम पैशांच्या कलमाशेजारी ठेवून वाचा. कंपनीने पैसे थकवले आणि तुम्ही त्या दिवशी नोटीस दिलीत, तरी आणखी सहा महिने काम करणं बंधनकारक. म्हणजे अजून ७ लाख २० हजारांचा खर्च. म्हणून दिवसांच्या आकड्यावर भांडत बसू नका, एकच वाक्य मागा: बिल ठरल्या तारखेनंतर थकलं, तर १५ दिवसांची लेखी सूचना देऊन काम थांबवता येईल आणि तो करारभंग मानला जाणार नाही. १८० चे ९० झाले नाहीत तरी या वाक्यावर निभतं.

खोक्यांचा व्यापार, सांगली
माझेही एका कारखान्याकडे चार लाख अडकलेत, सात महिने झाले. मी खोकी घेऊन विकते, उद्यम आहे. मलाही तिप्पट व्याज मिळेल ना?

कराराचं काम करणारी
नाही हो ताई. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम मिळालं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. तुम्ही खोकी स्वतः बनवत असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर नेहमीचा वसुलीचा दावा.

बर्फगोळा
तुम्ही सगळे पैशांवरच बोलताय. मला बुडवलं ते कामाच्या परिशिष्टाने. एका आइस्क्रीमवाल्याच्या कोल्ड स्टोअरचं काम होतं. परिशिष्टात लिहिलेलं, ‘व्हेंडर उणे २० तापमान राखेल’. एका रात्री काँप्रेसर ट्रिप झाला. अलार्म वाजला, पण आवाज होतो म्हणून वॉचमनने हूटर बंद केला. मला फोन सकाळी सातला. मी पाऊण तासात पोचलो, फॅनची मोटर बदलली, पण माल गेलेला. सहा लाख कापले, आणि तेही त्यांच्याच दुसऱ्या साइटच्या बिलांतून, कारण ‘कोणत्याही बिलातून वळते करू’ असं कलम होतं. ‘तापमान राखेल’ ऐवजी ‘कॉल आल्यापासून चार तासांत माणूस पोचेल’ लिहून घेतलं असतं तर चूक कोणाची हे तरी बोलता आलं असतं. अलार्मवर लक्ष ठेवणं आणि माल हलवणं हे त्यांचं काम, हेही लिहा.

कराराचं काम करणारी
बर्फगोळा, हे माझ्या मुद्द्यांपेक्षा जास्त कामाचं आहे. करारात काहीच लिहिलं नसतं तर कंत्राट कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे दूरचं, अप्रत्यक्ष नुकसान सहसा मागता येत नाही. इथे मात्र ‘अप्रत्यक्ष’ शब्दाखाली सही घेऊन ती सवलत आधीच काढून घेतली जाते. चिलरवाल्यांचा वर्षाचा नफा साडेतीन लाखांच्या आसपास. औषधांची एक बॅच गेली तर कित्येक वर्षांचा नफा गेला. एकूण जबाबदारी वर्षभराच्या सेवाशुल्काइतकी, म्हणजे १८ लाखांपर्यंत, आणि त्यांच्या बुडालेल्या नफ्याची शून्य, एवढं मागा. माणूस दगावला किंवा मुद्दाम फसवणूक झाली, तर तिथे मर्यादा नको असं ते म्हणतील. ते द्या.

खरेदी खात्यात बावीस वर्षं
मर्यादा औषध कंपनी देणार नाही, लिहून देतो. त्यापेक्षा विमा काढा, प्रश्न मिटला.

कराराचं काम करणारी
विमा काढाच, पण मिटला म्हणू नका. कायद्याने येते त्याहून जास्त जबाबदारी करारात अंगावर घेतली असेल, तर लायबिलिटी पॉलिसीत ती बहुधा वगळलेली असते. एजंटला ते कलम वाचायला द्या आणि उत्तर तोंडी घेऊ नका.

शेड नंबर दोन
एवढं सगळं मागितलं तर काम जाईल. थकलेल्या पैशांच्या तक्रारीसाठी सरकारचं समाधान पोर्टल कशाला आहे? निकालाविरुद्ध अपिलात जायचं तर कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

बर्फगोळा
निकाल लागल्यावर ना! तोवर पगार कोण देणार, पोर्टल?

चिलरवाला, नाशिक
काल जाऊन बसलो. ४५ दिवस दिले, ‘बिल स्वीकारल्यापासून’ काढलं. करार वरचढ ही ओळ खरंच एकविसाव्या पानावर होती, म्हणून दुरुस्ती करारातच करून घेतली. ‘तापमान राखेल’ गेलं, चार तास आले. काम थांबवण्याच्या वाक्यावर प्लँटचे साहेब हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मर्यादेचं मुंबईला पाठवलंय. सोमवारी गाडी गेटवर हवी म्हणतात. मेव्हणा दोन दिवस बोलत नाहीये.