मदत हवी आहे: नकाराच्या मेलला उत्तर देऊन कारण कसं विचारायचं?

उभा_आडवा_धागा
टॉवेल एक्स्पोर्ट कंपनीत मर्चंडायझरच्या जागेसाठी अर्ज केला होता, नकाराचा मेल आलाय. 'आपल्या अर्जाचा विचार केला, पण सध्या पुढे जाऊ शकत नाही, शुभेच्छा', बास. कुठं कमी पडलो ते मेलवर विचारायचंय, पण संबंध बिघडायला नकोत. सोलापुरात एक्स्पोर्टवाले मोजकेच, सगळे एकमेकांना ओळखतात. संध्याकाळपर्यंत पाठवायचाय. मसुदा असेल तर थेट द्या, प्रवचन नको.

जुना_नाका
थेट देतो की, पण मेल आला कुणाकडून? पत्त्यात `noreply` असेल तर उत्तर कुणीच वाचणार नाही. आणि नुसता बायोडेटा बघून नकार आला की मुलाखत झाली होती?

चिंचोलीकर
मेलबिल कशाला ओ. एमआयडीसीत जाऊन मॅनेजरला भेटा, चहा प्या, समोरासमोर विचारा. आपल्याकडं असंच चालतं.

पगारपत्रक
चिंचोलीकर, ओळख नसताना गेटवर जाऊन उभं राहिलं की समोरचा अवघडतो. नकार दिलेल्या माणसाला तोंडावर कारण सांगायला लावणं म्हणजे त्याला कोंडीत पकडणं. मेल तो सवडीने वाचतो, नको असेल तर सोडून देतो. ती मोकळीक दिली तरच संबंध टिकतो.

धागाकर्ते, जुना_नाका यांनी विचारलेलं आधी सांगा. नुसता बायोडेटा गेला असेल तर कारण विचारूच नका, तिथं कुणी काही लिहून ठेवलेलं नसतं. मुलाखत झाली असेल तरच विचारण्यात अर्थ आहे.

उभा_आडवा_धागा
दोन फेऱ्या झाल्या. पहिली एचआर मॅडमची, दुसरी एक्स्पोर्ट मॅनेजरची, त्यात कॉस्टिंगची टेस्ट. मेल मॅडमचा आहे, सीसीमध्ये मॅनेजर आणि अजून दोघं. परवा आला.

रविवार_बाजार
बायोडेटा एका पानाचा करा, फोटो काढून टाका आणि 'ऑब्जेक्टिव्ह' हा रकाना उडवा. निम्मे नकार तिथंच कमी होतात.

जुना_नाका
रविवार_बाजार, दोन फेऱ्या झाल्यात हो त्यांच्या!

पगारपत्रक
आता नीट सांगता येईल. एचआर साचेबंद मेल पाठवते कारण नेमकं कारण लिहिलं की उलट उत्तर येतं: 'पण मला ते येतं', 'निवडलेल्याला तरी कुठं येतं'. म्हणून 'माझी निवड का झाली नाही' हा प्रश्न टाळा. त्यात निर्णयाचा जाब असतो, आणि बऱ्याचदा कारण तुमच्यात नसतंच. आतलाच माणूस घेतला असेल, बजेट अडलं असेल, नोटीस पीरियड लांब वाटला असेल. हे कुणी लिहून देत नाही.

निर्णय बाजूला ठेवा आणि पुढच्या तयारीबद्दल एकच प्रश्न विचारा. तोही असा, की मॅडमना मोबाईलवरून एका ओळीत उत्तर देता यावं. दोन पर्याय समोर ठेवले तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. टेस्टमध्ये काय होतं?

उभा_आडवा_धागा
७० बाय १४० सेंटीमीटरचा टॉवेल, ५०० जीएसएम, एका नगाचा दर काढायचा. वजन ४९० ग्रॅम काढलं, त्यावर सुताचा दर, विणाई, डाइंग, पॅकिंग, नफा. मॅनेजर 'हं' म्हणाले आणि दुसऱ्या विषयावर गेले.

पिकाची_टोकं
०.७ गुणिले १.४ म्हणजे ०.९८ चौरस मीटर, गुणिले ५००, बरोबर ४९० ग्रॅम. पण हे तयार टॉवेलचं वजन. सूत ४९० ग्रॅमचंच धरलं का? विणताना वेस्टेज जातं, ब्लीचिंग-डाइंगमध्ये वजन घटतं, कटिंगला टोकं जातात, वर सेकंड्स निघतात. ही घट धरली नाही तर दर कमी निघतो आणि ऑर्डर तोट्यात जाते. किती टक्के धरायची ते ज्या-त्या मिलवर अवलंबून, पण शून्य कुणीच धरत नाही. मॅनेजरचं 'हं' बहुतेक तिथंच होतं.

उभा_आडवा_धागा
घट धरली नव्हती. मग मेलमध्ये तसं लिहू का, की घट राहिली, आता कळलं?

चिंचोलीकर
आपली चूक लेखी द्यायची? कशाला.

पिकाची_टोकं
लिहायलाच हवं. चूक स्वतः ओळखणारा मर्चंडायझर मॅनेजरला हवाच असतो.

पगारपत्रक
दोघांचं अर्धं अर्धं खरं. मॅडमना कॉस्टिंग कळेलच असं नाही, त्यांच्यासाठी ती कबुली निरर्थक. शिवाय टेस्ट पुन्हा तपासा असा सूर लागतो. प्रश्नात कॉस्टिंगचं नाव घ्या, तपशील सोडा. मेल इंग्रजीत लिहिलात तरी आशय असा ठेवा:

> नमस्कार मॅडम,
> निर्णय वेळेत कळवल्याबद्दल आभार. टेस्टच्या निमित्ताने तुमच्याकडे एक्स्पोर्टचं कॉस्टिंग कसं पाहतात ते समजलं.
> एक छोटी विनंती आहे. पुढच्या तयारीसाठी मी आधी कॉस्टिंगवर भर द्यावा की बायरशी पत्रव्यवहारावर, हे आपण किंवा सर सांगू शकाल का? एक ओळही पुरेशी आहे. कंपनीच्या धोरणामुळे सांगता येत नसेल तरी काहीच हरकत नाही.
> पुढे मर्चंडायझिंगची जागा निघाली तर पुन्हा अर्ज करायला आवडेल.

त्याच मेलला उत्तर द्या, विषयाची ओळ बदलू नका, म्हणजे आधीचा पत्रव्यवहार खाली दिसतो. बायोडेटा पुन्हा जोडू नका. शेवटचं वाक्य प्रश्नार्थक करू नका, एका मेलला एकच प्रश्न. पण ते वाक्य हवंच. निवडलेला माणूस नोटीस पीरियडमध्ये दुसरीकडची ऑफर घेतो आणि रुजूच होत नाही, असं पुष्कळदा होतं. तेव्हा जागा पुन्हा जाहीर करण्याआधी एचआर त्याच यादीतला पुढचा माणूस बघते. ज्याने नकारावर नीट उत्तर दिलंय त्याला फोन करणं सोपं जातं.

जुना_नाका
रिप्लाय ऑल करायचं की नाही? मॅडम धरून चौघं आहेत.

पगारपत्रक
नाही. चौघांसमोर उत्तर द्यायचं म्हटलं की कुणीच देत नाही. फक्त मॅडमना. 'किंवा सर' लिहिलंय, त्यांना वाटलं तर त्या पुढे पाठवतील.

पिकाची_टोकं
इथं माझं पटत नाही. कॉस्टिंगचं खरं उत्तर मॅनेजरच देणार, आणि मॅडम पुढे पाठवतील याची खात्री काय? मॅनेजरला सीसीत ठेवा, बाकी दोघांना काढा.

पगारपत्रक
मॅनेजरने स्वतः मेलवर तुमच्याशी कधी बोलणं केलं असेल तर ठीक. नसेल तर एचआरला वाटतं की तिला डावललं. यादी तिच्याकडे असते.

उभा_आडवा_धागा
मॅनेजरनी मेल कधीच केला नव्हता. मग फक्त मॅडमना पाठवतो. उत्तर नाही आलं तर?

पगारपत्रक
आठ-दहा दिवसांनी दोन ओळींची एक आठवण, त्यानंतर थांबा. आणि उत्तर आलं, ते चुकीचं वाटलं, तरी 'पण' ने वाक्य सुरू करू नका. समजा 'कॉस्टिंग' एवढंच आलं, तर 'आभारी आहे, सुताची घट धरायचा सराव करतो' असं लिहा. पिकाची_टोकं म्हणतात ती कबुली तिथं शोभते, विचारल्यावर.

चिंचोलीकर
एवढ्या वेळात जाऊन चहा पिऊन आलो असतो.

रविवार_बाजार
माझ्या भाचीला शाळेच्या मुलाखतीनंतर नकाराचा मेलसुद्धा आला नाही, तीन आठवडे झाले. तिने हाच मसुदा पाठवला तर चालेल का?

जुना_नाका
नकारच आला नसेल तर आधी निकाल विचारायला लागेल, कारण नंतर. नवीन धागा काढा, आणि तिथं शाळा अनुदानित की विनाअनुदानित ते लिहा.