मदत हवी आहे: नोव्हेंबरपासून अमेरिकन शिफ्ट तासभर पुढे जातेय, कॅब, घर आणि पुण्याची टीम कशी बसवावी?

देवळाईची_सून
नमस्कार मंडळी. चिकलठाणा एमआयडीसीत ऑफिस, न्यूयॉर्कच्या क्लायंटचं सपोर्टचं काम. त्यांचे सकाळी ९ ते संध्याकाळी ६, म्हणजे सध्या आपले संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. घर देवळाई चौकाच्या आतल्या गल्लीत, चारपर्यंत पोचते. मिस्टरांची शेंद्र्याला फर्स्ट शिफ्ट, सहाला निघतात. मुलगा दुसरीत, त्याची रिक्षा ७ ला खाली येते. सासूबाई डबा करून देतात, पण गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत.

कॅब गल्लीच्या तोंडाशीच सोडते, आतलं अंतर कुत्र्यांच्या टोळीतून चालत. पुण्याची टीम १० ते ७ असते, तिच्याशी रोज पावणेसातला पंधरा मिनिटांचा कॉल होतो. नोव्हेंबरमध्ये सगळंच तासभर पुढे जाणार म्हणतात. आतापासून काय काय लावून घ्यावं?

गारखेड्याचा_पप्पू
नोव्हेंबर नाही, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. आमच्या फ्लोअरला दरवर्षी तेव्हाच बदलतं. आणि कॅबचं म्हणाल तर रात्रपाळीच्या प्रत्येकाला घरापर्यंत सोडणं कायद्यानं बंधनकारक आहे, सरळ तक्रार ठोका.

रोस्टरवाला
पप्पूभाऊ, तुमचा क्लायंट ब्रिटनचा असणार. ब्रिटन आणि युरोपची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. २०२६ मध्ये तो १ तारखेला येतो. त्यामुळे ताई, सोमवार २ नोव्हेंबरपासून तुमची शिफ्ट साडेसात ते साडेचार. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर पुन्हा साडेसहा. क्लायंट ॲरिझोनातला असता तर हा घोळच नव्हता, तिथे बहुतेक भागात घड्याळाला हात लावत नाहीत.

कॅबचा घोटाळा बहुधा पहिल्याच सोमवारी होतो. ट्रान्सपोर्टच्या ॲपमध्ये वेळ भारतीय घड्याळाने भरलेली असते, ती आपोआप सरकत नाही. पिकअप जुन्या वेळेला येतो आणि पहाटेची गाडी तुम्ही लॉगआऊट करायच्या आधीच निघून जाते. म्हणून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच ट्रान्सपोर्ट डेस्कला मेल टाका, पिकअप आणि ड्रॉप दोन्ही नव्या वेळांसह.

आता दारापर्यंतचं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, शिवाय सुरक्षेची आणि घराच्या दारापर्यंतच्या वाहनाची अट आहे. ही तरतूद महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही. पण तक्रार ठोकण्याआधी गाडी आत का येत नाही ते बघा. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं. एक तर ॲपमध्ये तुमचा पत्ता म्हणून चौकाचा पॉइंट टाकलेला असतो आणि ड्रायव्हर त्याच्या पुढे गेला तर व्हेंडर त्याचे किलोमीटर कापतो. नाहीतर मोठी विंगर असते, तिला गल्लीत वळायला जागा नसते, मागे घ्यावी लागते. पहिल्यासाठी गेटचं लोकेशन पाठवून पॉइंट बदलून घ्या. दुसऱ्यासाठी त्या रूटला छोटी गाडी मागा. मेल एचआरला सीसी करा आणि त्यात ‘दारापर्यंत’ हा शब्द असू द्या. फोनवरच्या आश्वासनाला काही अर्थ नाही.

वाळूजकर_काका
पोरी, कशाला एवढी दगदग? दिवसाची नोकरी बघ. आमच्याकडे कंपनीत पाळी आठवड्याला बदलते, माणूस आठवडाभर रात्र काढतो, पुढच्या आठवड्यात ताजातवाना.

देवळाईची_सून
काका, नोकरी बदलायची नाहीये, हीच नीट बसवायचीय. आमची पाळी फिरतीही नाही, कायम रात्रच. झोपेचं कुणी सांगेल का? सध्या साडेचारला आडवी होते, साडेसहाला उठते, रिक्षा गेली की साडेसात ते साडेअकरा पुन्हा.

निशाचर_सिडको
साडेसात ते साडेअकरा हे चार तास पक्के धरा, उन्हाळा असो की हिवाळा. शरीराचं घड्याळ अशा ठरलेल्या तुकड्याला धरून राहतं, बाकीची झोप त्याच्या आगेमागे जोडता येते. नोव्हेंबरमध्ये तुम्ही पाचला पोचाल. तेव्हा साडेपाच ते साडेसहा झोपायचा मोह टाळा. तासाभराने गजर होतो तेव्हा झोप नेमकी गाढ असू शकते, मग अर्धा तास डोकं जड, पाय ओढत मुलाचा बूट शोधायचा. त्यापेक्षा मंद दिव्यात बसा, हलकं काही खा, त्याला रिक्षात बसवा आणि साडेसात ते दीड एकसलग झोपा. खाली उतरताना गॉगल लावा. लोक हसतील, हसू द्या. सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की शरीर दिवस सुरू झाला असं धरतं. चहा-कॉफी रात्री एकनंतर बंद, कारण पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मा असर अंगात असतो.

सुट्टीच्या रात्री दहाला झोपायला जाऊ नका. तीन ते दहा अशी मधली वेळ धरा, म्हणजे सोमवारी नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

कूलर_आणि_काळा_पडदा
एप्रिल-मेचं मी सांगते, तेव्हा खरी परीक्षा. अंधार हवा म्हणून खिडकी गच्च बंद केली की कूलरची हवा बाहेर पडत नाही, तासाभरात खोली दमट होते आणि घामाने जाग येते. खिडकी चार बोटं उघडी ठेवायची आणि जाड काळं कापड चौकटीला चिकटवण्याऐवजी वरून वीतभर पुढे टांगायचं. उजेड अडतो, हवा बाजूने निघून जाते. टाकी झोपण्याआधी काठोकाठ भरायची. आणि नळ येईल त्या दिवशी मोटार कोण चालू करणार हे आदल्या रात्रीच ठरवा, नाहीतर पहिली हाक तुम्हालाच.

पुणे_लीड
दिवसाच्या टीमच्या बाजूने लिहितो. पावणेसातचा कॉल आमच्यासारख्या कुणी भारतीय वेळेत लावला असेल तर तो नोव्हेंबरमध्येही पावणेसातलाच राहणार, म्हणजे तुमच्या शिफ्टच्या आधी पाऊण तास. न्यूयॉर्कच्या वेळेत लावला असेल तर पावणेआठला जाईल, तोवर पुण्याचे घरी पोचलेले. दोन्हीकडून समोरासमोरची वेळ शून्य. आठवड्यात दोनच दिवस कॉल ठेवा, त्या दिवशी तुम्ही पावणेसातला लॉगिन करून पहाटे पाऊण तास आधी सुटायचं. हे मॅनेजरकडून लेखी घ्या आणि त्या दोन दिवसांची कॅब वेगळी लावा.

बाकी दिवशी हँडओव्हर नोट. त्यात ‘उद्या सकाळी’ असं कधीच लिहू नका. रात्री दोनला लिहिलेलं ‘उद्या’ म्हणजे कोणता दिवस, यावर आमच्याकडे भांडणं होतात. अशी लिहा: “तिकीट ४१७. लॉग तपासले, चूक पेमेंटच्या पायरीवर. डेटाबेसची परवानगी पुण्याकडून हवी, मंगळवार ३ नोव्हेंबर, दुपारी ४ भारतीय वेळ. नाही मिळाली तर क्लायंटला संध्याकाळी साडेसातला मी कळवेन.” काय झालं, कुणाकडे अडलंय, कधीपर्यंत, नाहीतर काय. रात्रीचे मेसेज शेड्यूल करून सकाळी दहाला जाऊ द्या. दोनला फोन वाजला की आमचे लोक तुमचं नोटिफिकेशनच बंद करतात.

रोस्टरवाला
एक राहिलं. साडेचारची गाडी साडेतीनपेक्षा जास्त धोक्याची, तोवर ड्रायव्हर पेंगायला लागलेला असतो. स्पीडब्रेकरवर ब्रेक उशिरा लागला, गाडी लेन सोडून जायला लागली किंवा थंडीतही त्याने काच खाली घेतली, की बीड बायपासवरच्या उजेडाच्या पेट्रोल पंपावर थांबवायला लावा. चहा पाजून लगेच निघू नका, चहा लागू व्हायला वीस-तीस मिनिटं जातात. व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन देताना एक तासाचा पर्याय निवडा. १५ मिनिटांचा वाटेतच संपतो. काही वेगळं वाटलं तर थेट ११२.

देवळाईची_सून
मेल आजच टाकते. लोकेशन मिस्टरांना देते, पण पाचला ते आंघोळीच्या घाईत, फोन बघतीलच असं नाही. आणि दोन दिवस लवकर सुटले तर त्या वेळी रूटवर दुसरं कुणीच नसेल, गाडीत मी एकटी. तेव्हा कंपनीला गार्ड मागता येतो का? कुणाकडे तशी व्यवस्था आहे?

गारखेड्याचा_पप्पू
आमच्याकडे मुलगी शेवटची उतरणार असेल तर गार्ड देतात. एकटीच असेल तर काय, ते विचारून सांगतो. घड्याळाचं मात्र बरोबर निघालं, आमचा क्लायंट लंडनचाच.